काठावरची दोघं

आमच्या शाळेतल्या तिसरीच्या बाईंना आम्ही शिक्षकखोलीत 'का-बाई' म्हणतो. उत्तर बरोबर आलं तरी त्या मुलांना विचारणार, "का?" चोवीस वर्षं हेच. शेजारच्या टेबलावरून ऐकून ऐकून माझे कान किटले, पण त्यांच्या वर्गातली पोरं विचार करतात हे मान्यच करावं लागेल.

यंदा गणितात 'कसं सोडवलं ते लिहा' असा चार गुणांचा प्रश्न आला. एका होडीत आठ मुलं बसतात, पन्नास मुलांना एकाच वेळी न्यायला किती होड्या लागतील? बाईंच्या वर्गातल्या टिकलीने गोल काढले आणि खाली लिहिलं, 'आठ-आठ मुलांचे घोळके केले. सहा झाले. दोघं काठावर राहिली. ती रडतील म्हणून अजून एक होडी. सात.'

बाईंनी चारपैकी चार दिले. पेपर नियमाप्रमाणे दुसऱ्या तपासनिसाकडे गेला. त्याने दोनच दिले. गुणदानाच्या तक्त्यात प्रश्न समजला याला एक, क्रियेचं नाव व कारण याला एक, मांडणीला एक, उत्तराच्या अर्थाला एक. टिकलीने 'भागाकार' शब्द लिहिला नव्हता, मांडणीही नव्हती. तीनपेक्षा कमी गुण म्हणजे उजळणीवर्ग, आणि तो नेमका चित्रकलेच्या तासाला. ती पोर त्या तासावरच जगते.

बाई मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मीही गेले, माझं डोकं फिरलं होतं.

"अहो, भागाकारच केलाय तिने, गोल काढून!"

"दिसतंय हो मला," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण तक्ता वरून आलाय. एकीला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. माझे हात बांधलेत."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मला त्याचाच जास्त राग आला.

टिकलीने विचारलं, "बाई, मग काय लिहायचं होतं?"

बाईंनी फळ्यावर लिहून दिलं, 'समान गट करायचे म्हणून भागाकार केला.' खाली मांडणी. टिकलीने पाठ केलं. इतकी वर्षं मी बाईंना ओळखते, पण फळा पुसून झाल्यावरही त्यांनी वर्गाकडे पाठच ठेवलेली पहिल्यांदाच पाहिली.

उजळणीनंतर पुन्हा चाचणी झाली. पंचेचाळीस प्रवासी, एका गाडीत सहा, सगळ्यांना एकदम न्यायचंय. टिकलीने पाठ केलेलं वाक्य लिहिलं, सुबक मांडणी केली आणि उत्तर लिहिलं, 'भागाकार सात, बाकी तीन.' अर्थाचा एक गुण गेला, उरलेले तीन मिळाले. चित्रकलेचा तास परत मिळाला. दुसऱ्या तपासनिसानेही तीनच दिले. कुणाची काही तक्रार नव्हती.

बाईंनी तिला जवळ बोलावलं. "टिकले, ही तिघं कशी जाणार गं?"

टिकलीने पेपरकडे पाहिलं, मग बाईंकडे. "बाई, ते लिहायचं नसतं ना?"

बाईंनी "का?" विचारलं नाही.