दुसऱ्या पंगतीचा भात

आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या एक मावशी होत्या; आम्ही त्यांना घड्याळ-मावशी म्हणायचो. मी तिथे हजेरी कारकून. चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईने माझ्यासारख्या सातवी पास माणसाला लाज वाटावी असं रजिस्टर ठेवलं होतं. आज काय शिजवलं, किती वाजता, कधी वाढलं. प्रत्येक भांड्यातून मूठभर अन्न उकळत्या पाण्यातून काढलेल्या डबीत घालायचं, चिठ्ठी चिकटवायची आणि पुढे तपासायची वेळ आलीच तर म्हणून तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचं. आम्ही चिडवायचो, ‘मावशी, डबीतल्या भाजीचं लग्न लावणार आहात का?’ त्या म्हणायच्या, ‘तुमच्यापेक्षा तरी ती नीट राहते.’

मावशींना एकच लेक. ती लग्न होऊन फार लांब गेली आणि चार वर्षं आली नाही. कारण विचारायची माझी छाती झाली नाही, आणि मी तर पोस्टमनलासुद्धा त्याच्या सासूबद्दल विचारणारा माणूस! एवढंच ठाऊक होतं की फोन वाजला की मावशी हात पुसून धावायच्या आणि परत येताना चालायच्या.

तर एका सकाळी लेकीचा निरोप आला. ती नवऱ्याबरोबर पुढच्या गावी चालली होती. बस साडेअकराला आमच्या स्टँडवर, म्हणजे पायी दीड तासाच्या वाटेवर, दहा मिनिटं थांबणार होती. पण मावशींच्या कँटीनमध्ये जेवणाच्या दोन पंगती. पहिली बाराची, दुसरी दीडची. भात नेहमी दोनदा शिजे, कारण ताजा भात हा त्यांचा हट्ट. त्या दिवशी त्यांनी दोन्ही पातेली साडेसातलाच शिजवली, पहिलं मंद आचेवर गरम राहू दिलं आणि दुसरं झाकून कट्ट्यावर ठेवलं. बाकी सगळं मदतनीस बाईवर सोपवून त्या निघाल्या.

सव्वा वाजता परत आल्या. चेहरा असा, जणू आत दिवा लावलाय. आल्याआल्या दुसऱ्या पातेल्याचं झाकण काढलं, भात कोमट लागला. वेळ नव्हता. वाफ येईतो गरम केला, डबी भरली आणि वाढला.

पावणेचारला पहिला माणूस ओकला. पाचपर्यंत माझ्या हजेरी पुस्तकाशेजारी दुसरीच यादी तयार झाली: नाव, कोणत्या पंगतीला बसला, काय खाल्लं, उलटी किती वाजता. एकेचाळीस नावं. दोघांना दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी अन्न तपासणारे साहेब आले. त्यांनी आजारी माणसांबरोबर ठणठणीत असलेले लोकही बोलावले. मला नवल वाटलं, पण गंमत तिथेच उलगडली. पहिल्या पंगतीचा एकही आजारी नाही. दुसऱ्या पंगतीत ज्यांनी भाकरी-भाजीच खाल्ली, तेही बरे. ज्यांनी भात घेतला, तेच आडवे. आणि तेही जेवून दोन-तीन तासांत.

साहेब फ्रीजमधल्या डब्या बर्फाच्या पेटीत घालत होते तेव्हा कँटीनचा ठेकेदार मावशींना बाजूला घेऊन गेला. मी तिथेच यादी धरून उभा होतो. रजिस्टरमध्ये शिजवल्याची वेळ साडेबारा करा, एवढंच त्याचं म्हणणं. बाकी सगळं तांदळाच्या व्यापाऱ्यावर ढकलू.

मावशींनी रजिस्टर उचललं. ही भांडीकुंडी हाच त्यांचा संसार, हे मला ठाऊक होतं. मग त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“भात साडेसातचा आहे. सहा तास झाकून ठेवला होता. मी लेकीला भेटायला गेले होते.”

साहेबांनी पेन थांबवलं. “परत गरम केला होता ना?”

“वाफ आली होती.”

त्यांनी समजावलं, कोमट भातात जंतू वाढून जे विष सोडतात, ते नंतर वाफेनेही जात नाही. मावशी मान हलवत राहिल्या. चार दिवसांनी अहवाल आला. दुसऱ्या पातेल्याच्या डबीत तेच निघालं. दोघंही रुग्ण घरी परतले होते. व्यापारी वाचला, मावशींची नोकरी गेली.

त्यानंतर कँटीनमध्ये यंत्रासारखा स्वयंपाक होऊ लागला. पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटत नव्हतं. म्हणून एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. दारात बसून त्या तांदूळ निवडत होत्या, एकट्या माणसाला लागतो तेवढाच. मी म्हटलं, लेकीला पत्र टाकतो, आईची नोकरी कशी गेली ते कळू दे, निदान येऊन चार दिवस राहील.

“अजिबात लिहू नका, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तिला कळलं तर पुढच्या वेळी बस इथं थांबणार असल्याचं ती मला सांगायचीच नाही.”

मी विचारलं, त्या दहा मिनिटांत बोललात तरी काय?

त्यांनी सुपातला एक खडा शोधून बाजूला ठेवला. “ती खिडकीत होती. मी खाली. निम्मा वेळ नुसतं बघण्यातच गेला.”