फोटोपुरती माणसं

फोटो समोर आला की काका हात लांब करून मोबाइल धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, “थोडं उजळवू की.” पोरीची आई संकोचली, तर पुढचं वाक्य ठरलेलं. “अहो, एकदा मुलाकडच्यांचा पाय घरात पडू दे. मग बघू.”

सोलापुरात बाळीवेशीजवळ त्यांचं वधूवर केंद्र होतं. तिथं मी बायोडाटा टाइप करायला होते. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणे. आवडले मात्र ते मला कधीच नाहीत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. समोरच्याला नीट न बघता, तो कसा असायला हवा होता, एवढंच बघणारा.

आधी सगळं फिल्टरवर भागायचं. रंग दोन पायऱ्या वर, डोळ्यांखालची वर्तुळं गायब, हनुवटी जरा निमुळती. मग कुणीतरी त्यांना चित्र तयार करणारं ॲप दाखवलं आणि काकांना पंखच फुटले. मुलीच्या चार-पाच सेल्फी चढवायच्या, ‘पैठणी, बाग, हसरा चेहरा’ एवढं लिहायचं, की कधी न नेसलेल्या साडीत, कधी न पाहिलेल्या बागेत पोरगी उभी. मुलांना कोट मिळायचा आणि कपाळावर केस. कधी एका कानात झुमका आणि दुसऱ्यात कुडी यायची. कधी गळ्यातली साखळी कातडीतच शिरायची. काका तेवढा भाग कापून टाकत. चेहऱ्यावरचा तीळ उडालेला असला, तर त्याला ते चूक मानत नसत.

“काका, पाहुण्यांनी ओळखलं तर?” मी एकदा विचारलं.

“तू टायपिंग कर.”

सुवर्णा मैंदर्गीची. लिंगायत घरातली, शाळेत शिक्षिका. लहानपणी उकळतं दूध सांडून डाव्या जबड्यापासून मानेपर्यंत भाजलं होतं, त्याचा डाग होता. तिनं स्वतः शाळेच्या कार्यक्रमातला फोटो पाठवला होता, डाग स्वच्छ दिसणारा. काकांनी तो बाजूला ठेवला आणि तिच्या वडिलांकडून आणखी फोटो मागवले. त्यातले उजव्या बाजूनं काढलेले तेवढे निवडून त्यांनी ॲपमध्ये टाकले. ॲपला डावी बाजू दिसलीच नाही. मग त्यानं ती आपल्या मनानं तयार केली, गुळगुळीत.

वडिलांनी तो फोटो जवळ धरून बघितला. मग म्हणाले, “डाग कुटं गेला?”

“फोटोत कशाला? मी फोनवर सांगतो की त्यांना,” काका म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही. मुलाकडच्या, बार्शीच्या लोकांनी व्हिडिओ कॉल करू म्हटलं, तेव्हा “तिकडं रेंज न्हाय हो, प्रत्यक्षच या,” असं सांगून तेही टाळलं. मी शेजारच्याच टेबलावर होते.

मैंदर्गीला बघण्याच्या कार्यक्रमाला काका मलाही घेऊन गेले. सुवर्णा चहाचा ट्रे घेऊन आली, खाली ठेवला आणि समोर बसली. केस मागे बांधलेले, मान उघडी. मुलाची आई आधी तिच्याकडं बघत राहिली. मग पर्समधून मोबाइल काढला, फोटो उघडला आणि हात लांब करून मोबाइल थेट सुवर्णाच्या गालाशेजारी धरला. सगळ्यांसमोर. मला त्या बाईंचा हात ओढून खाली घ्यावासा वाटला.

“ही कोण हाय?” बाई म्हणाल्या.

सुवर्णानं तो फोटो पहिल्यांदाच पाहिला. ते तिच्या चेहऱ्यावरून लगेच कळलं. तिनं वडिलांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते.

“मला ठाऊक न्हाय,” ती म्हणाली. “पण माझ्याकडं बघून बोला, फोनकडं नको.”

“डागाचं आमाला काय न्हाय,” बाईंचा आवाज चढला. “माझ्या भावजयीच्या अंगावर कोड हाय, तिच्या हातचं रोज खातो आमी. सांगितलं असतं तर आलो असतो, नसतो, ते आमचं आमी ठरवलं असतं. आता मुलगी शिक्षिका हाय हे तरी कशावरनं? वय खरं हाय हे तरी कशावरनं?”

“अहो, हल्ली सगळेच करतात की,” काका हसत म्हणाले.

ते हसणं अजून माझ्या डोक्यात जातं.

सुवर्णा त्यांच्याकडं वळली. “काका, मला विचारलंत?”

“पोरी, खरा फोटो पाठवला असता, तर ही माणसं आज इथं बसलीच नसती.”

“नसती बसली. दुसरीच्या तोंडावर पाहुणे बोलवायचे, आणि नकार माझ्या तोंडाला?”

मुलगा काहीतरी बोलणार होता. त्याच्या आईनं त्याला दंडाला धरून उठवलं. पोहे तसेच राहिले. पाहुण्यांची गाडी निघाली आणि सुवर्णाचे वडील काकांच्या अंगावर धावले. “फोनवर सांगतो म्हनला होतास!” चुलत्यांनी त्यांना मागे ओढलं. सुवर्णा स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रात मी काकांना स्पष्ट म्हटलं, “तुम्ही खोटं बोललात.” ते उसळले.

“माझ्या बहिणीचा फोटो खरा होता! स्टुडिओत काढलेला, खरा! ज्या घरी गेला तिथनं परत आला. तिचा स्वभाव, तिच्या हातची चव, तिचा आवाज कुणी बघायला आलं न्हाय. ओठ बघितला आणि पाकीट परत. एक माणूस दारात आलं असतं ना…”

दारात त्यांची बहीण उभी होती, हातात त्यांचा डबा. आम्ही तिला आत्या म्हणायचो. वरचा ओठ जन्मतः फाटलेला, लग्न झालेलं नाही, भावाकडंच राहायची. तिनं सगळं ऐकलं होतं.

“दादा,” ती सावकाश म्हणाली, “परत आलेल्या फोटोचं मला दुःख झालं. पण येऊन, बघून उठून गेले असते, तर मी कुटं तोंड लपवलं असतं? माझं नाव घेऊन हे करू नगंस.”

काकांनी डबा घेतला नाही. ती तो टेबलावर ठेवून गेली. त्या दुपारी तो कुणी उघडला नाही.

मग सुवर्णाचा मला फोन आला. ॲपनं केलेला तो फोटो तिला हवा होता. मी पाठवला. तिनं तो आणि आपला शाळेतला फोटो शेजारी-शेजारी ठेवून समाजाच्या सगळ्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं: ‘डावीकडची मी नाही. उजवीकडची मी आहे. हे मला न विचारता केलं गेलं.’ केंद्रात लोक भांडायला येऊ लागले. कुणी मूळ फोटो मागे, कुणी आपला बायोडाटा काढून टाका म्हणे, कुणी नुसतंच शिव्या देऊन जाई.

“तू दिलास?” काकांनी विचारलं.

“हो. तिच्या नावानं फिरत होता.”

“बाहेर हो.”

मी पर्स उचलली आणि निघाले. त्यांच्याविषयी मला तेव्हा दया आली नाही, आणि आजही पुरती येत नाही. सुवर्णाचं लग्न अजून ठरलेलं नाही. आपला बायोडाटा आता ती स्वतःच पाठवते, फोटो डाव्या बाजूनं काढलेला.

केंद्र बंद पडलं. पुढं एकदा स्टेशनवर मी माझ्या बहिणीला आणायला गेले होते, तेव्हा पलीकडच्या गाडीच्या डब्यात काका आणि आत्या दिसले. सामान बरंच होतं, गाद्यासुद्धा बांधलेल्या. केम गावाला त्यांचं जुनं घर आहे, तिकडं निघाले असावेत. आत्या खिडकीशी होती. तिनं मला ओळखलं, हसली, आणि गजांतून हात बाहेर काढून हलवला. मीही हलवला.

काकांनी माझ्याकडं बघितलं. तिचा हात हळूच आत घेतला, अगदी जपून, बोटं चिमटू नयेत म्हणून. आणि मग खिडकी खाली ओढली.