मधल्या लूपचा बाण

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता आणि मला मॅडम म्हणायचा. मी तेव्हा शहराबाहेरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि रविवारी सकाळी पुंडलिकनगरातल्या घरी, पुढच्या खोलीत, अडलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणीला बसवायचे. बाकीची सगळी कॉलेजातली पोरं. हा एकटा वाळूजच्या विजेचे पॅनल बनवणाऱ्या कारखान्यातला वायरमन. गाव कन्नडच्या पुढं, घाटाजवळ. नोकरी सांभाळून त्याने डिप्लोमा करत आणला होता आणि एकाच विषयात अडकला होता: सर्किट्स. जुना अभ्यासक्रम बंद होत होता. त्याच्यासारख्यांना एकच संधी उरली होती. ती गेली की आधी पास केलेले सगळे विषयही गेले, नव्या अभ्यासक्रमात पहिल्यापासून सुरुवात. पास झाला तर कारखाना त्याला सुपरवायझर करणार होता.

"अकरा वर्षं झाली मॅडम," पहिल्याच दिवशी तो म्हणाला. "माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आता माझ्या ड्रॉइंगवर सही करतात. अन् सही कुठं करायची ते बी मलाच इचारतात."

मी त्याची जुनी उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर आणू शकत होते. सर्किटमधला एकेक बंद फेरा, म्हणजे लूप, घेऊन व्होल्टेजची समीकरणं मांडताना त्याची चिन्हं घसरायची. रेझिस्टन्समधून जाताना व्होल्टेज पडतं की चढतं, शेजारच्या लूपचा प्रवाह वजा करायचा की मिळवायचा, यात तो दर वेळी गडबडायचा. पण ड्रॉइंग वाचण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून मी त्याला नुसतं बघून मॅट्रिक्स लिहायची पद्धत दिली. समीकरणं मांडायचीच नाहीत. सर्किटकडे बघायचं आणि रेझिस्टन्सचा चौकोन थेट भरायचा.

त्यासाठी मी एक यादी केली. मला याद्यांची सवय आहे. किराण्याची असो की पेपर तपासण्याची, पाच मुद्द्यांच्या वर गेलेली यादी कुणी वाचत नाही असं माझं मत होतं. अर्ध्या पानात बसवली आणि झेरॉक्स काढल्या. एक: प्रत्येक लूपमध्ये प्रवाहाचा बाण घड्याळाच्या दिशेने काढा. दोन: तिरप्या रेषेवरच्या घरांत त्या त्या लूपमधल्या सगळ्या रेझिस्टन्सची बेरीज. तीन: बाकीच्या घरांत दोन लूपमधला सामाईक रेझिस्टन्स, वजा चिन्हासह, सामाईक काही नसेल तर शून्य. चार: उजव्या रकान्यात त्या लूपचं व्होल्टेज, बॅटरी बाणाच्या दिशेने ढकलत असेल तर अधिक, विरुद्ध असेल तर उणे. पाच: मॅट्रिक्सचा डिटरमिनंट, म्हणजे सगळ्या घरांतून मिळून निघणारा एक आकडा, काढा, मग ज्या लूपचा प्रवाह हवा, त्याच्या रकान्याच्या जागी उजवा रकाना बसवून पुन्हा डिटरमिनंट काढा आणि पहिल्याने भागा.

तिसऱ्या मुद्द्यात मूळ कच्च्या कागदावर आणखी एक ओळ होती. ती मी जागेसाठी उडवली. सगळे बाण एकाच दिशेने असतील तर, अशी ती ओळ. पहिल्या मुद्द्यात दिशा सांगितलीच आहे, मग पुन्हा कशाला?

त्याला पद्धत इतकी आवडली की तो हसायलाच लागला. "हे तर टर्मिनल मोजण्यासारखं झालं की! कुठली वायर कुणाला लागली, एवढंच बघायचं." तीन लूपचं गणित तो पंधरा मिनिटांत करू लागला. माझ्याकडे तेव्हा कॉलेजातली एक मुलगी आणि उस्मानपुऱ्यातला एक मुलगा येत असत. मुलगा त्याला चिडवायचा.

"काका, कॅल्क्युलेटर तरी घ्या."

"काका कुणाला म्हणतो रे? तेहतीस वर्षांचा हाय मी."

"तेहतीस? मग तर चाचा म्हणायला पाहिजे."

असंच एकदा हसणं चाललेलं असताना त्याने यादीवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, पेपरात बाण आधीच छापलेले असले तर?"

मला साडेअकराला दुसरी बॅच होती. "छापलेले असले तर पहिलं काम वाचलं," मी म्हटलं. "सरळ दुसऱ्या मुद्द्यावर जायचं."

"व्हय," म्हणून त्याने ते पेन्सिलने कागदावर लिहूनही घेतलं.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी तो प्रश्नपत्रिका घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "तीन लूपचं आलं मॅडम! आठ मार्कांचं! ताळा बी जमला."

मी प्रश्न पाहिला. शिडीसारखं साधं सर्किट. कडेच्या दोन लूपमध्ये स्वतःचे तीन-तीन ओहम, मधल्यात स्वतःचे दोन, आणि शेजाऱ्यांमध्ये सामाईक दोन-दोन. बॅटऱ्या चौदा, सहा आणि चार व्होल्टच्या. मॅट्रिक्सच्या तिरप्या रेषेत पाच, सहा, पाच. सगळं माझ्या यादीसारखं. फक्त मधल्या लूपचा बाण उलटा छापला होता.

मला ते पाहताक्षणी कळलं. बाण उलटा असला की सामाईक रेझिस्टन्समधून दोन्ही प्रवाह एकाच दिशेने जातात, आणि तिथलं वजा चिन्ह अधिक होतं. प्रश्नपत्रिकेच्या मागे त्याने कच्चं काम केलं होतं, त्यात यादीप्रमाणे चारही ठिकाणी वजा दोन लिहिलं होतं. बॅटरीचं चिन्ह मात्र बाण बघून बरोबर उणे सहा धरलं होतं. म्हणजे डावीकडचा चौकोन एका दिशेचा आणि उजवीकडचा रकाना दुसऱ्या दिशेचा. डिटरमिनंट दोन्ही प्रकारे एकशे दहाच येतो, त्यामुळे तिथंही शंका येण्यासारखं काही नव्हतं. आणि ताळा त्याने त्याच चुकीच्या ओळींत किमती घालून पाहिला होता. तो जमणारच होता.

"किती आले प्रवाह?" मी विचारलं.

"दोन पॉइंट एक्याण्णव, पॉइंट सत्तावीस, पॉइंट एक्याण्णव."

बरोबर उत्तर होतं चार, उणे तीन आणि दोन.

"बरं लिहिलंय," मी म्हटलं. "बघू या."

निकाल लागला. पासाला चाळीस लागत होते, त्याला चौतीस. कॉलेजच्या फळ्यावर त्याचा नंबर आधी मीच शोधून आले होते, आणि आठातून दोन दिले असतील असा हिशेब तिथं उभ्या उभ्याच माझ्या डोक्यात झाला. तो आला तेव्हा मी त्याला म्हणाले, "चिन्हाची चूक झाली तुमची. मधल्या लूपमध्ये." शब्द मोजून वापरले होते. तुमची.

"माझंच लक्ष नसंल," तो म्हणाला. चहा घेतला नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. मला वाटलं नव्हतं येईल. मुलगी आणि उस्मानपुऱ्याचा मुलगा बसलेले होते. त्याने पिशवीतून लाकडाची एक फळी काढून टेबलावर ठेवली. फळीवर तेच सर्किट, सुबक सोल्डर केलेलं, वायरी काटकोनात वळवलेल्या, प्रत्येकीला नंबराची टोपी घातलेली. ओहमच्या जागी त्याने किलोओहम घेतले होते, म्हणजे अँपिअरच्या जागी मिलिअँपिअर मिळणार. व्होल्टेज तेवढंच.

"कारखान्यात टेस्ट बेंचवर लावलं," तो म्हणाला आणि एक कागद पुढे केला. "पहिल्या लूपला चार. तिसऱ्याला दोन. मधल्याला मीटर बाणाच्या दिशेनं लावलं तर उणे तीन. तीनदा बघितलं. म्हणून मग चौकोनातल्या वजाच्या जागी अधिक घालून बघितलं, तर तेच उत्तर निघालं." त्याने यादीची घडी उलगडली. "ह्यो तिसरा मुद्दा चुकीचा हाय मॅडम. बाण उलटा असंल तर वजा येत नाय."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या पॅनलमध्ये चुकलेली वायर दाखवावी तसं तो दाखवत होता. ती दोघं माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "मीटरचे प्रोब उलटे लागले असतील."

अकरा वर्षं वायरमन असलेल्या माणसाला मी हे म्हणाले.

त्याने फळी माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "प्रोब उलटे लागले असले तर सरळ केल्यावर अधिक तीन येतील. पॉइंट सत्तावीस कसे येतील? अन् पहिल्या लूपला चार कशानं आले?"

मी यादी ओढून घेतली. "पहिला मुद्दा वाचा. बाण घड्याळाच्या दिशेने काढा असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही मधला बाण बदलून घ्यायला हवा होता."

"मी इचारलं होतं तुमाला. छापलेले असले तर काय म्हणून."

"मला आठवत नाही."

त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने माझंच वाक्य लिहिलेलं होतं: छापलेले असले तर सरळ दुसरा. आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर. त्याने त्यावर बोट ठेवलं नाही. ठेवलं असतं तर कदाचित मी मान्य केलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता सांगत नाही.

"ठीक हाय," तो म्हणाला. "पुढच्यांसाठी तेवढी दुरुस्ती करा." फळी पिशवीत घातली, चपला घातल्या आणि जिना उतरला.

मग मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, मग बाण उलटा छापलेला असेल तर काय करायचं?"

मी फळ्यापाशी गेले आणि सांगितलं. दोन प्रवाह सामाईक रेझिस्टन्समधून विरुद्ध जात असतील तर वजा, एकाच दिशेने जात असतील तर अधिक. उदाहरण म्हणून तेच सर्किट काढलं. पाच, दोन, शून्य. दोन, सहा, दोन. शून्य, दोन, पाच. दोघांनी वहीत उतरवून घेतलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. खाली त्याची गाडी किक मारूनही सुरू होत नव्हती. आवाज वरपर्यंत येत होता.

मुलगा खिडकीपाशी उठून गेला. "मॅडम, काका अजून खालीच आहेत. हाक मारू?"

"नको," मी म्हटलं. "पुढचं गणित घे."