जावेच्या आजारपणात हुकलेला प्रवास

वहिनींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. नात्याने कुणाच्या नव्हेत, पण आमच्या कारखान्यात सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे. तिथे त्या बसच्या सीटांची कव्हरं शिवायच्या. जाड रेक्झिन, वाकडी सुई, आणि टाका उसवला की पुन्हा सगळं कव्हर. ती कव्हरं सीटांवर बसवणारा फिटर मी होतो. त्यांचं काम मला कधी परत करावं लागलं नाही.

मुलगी परदेशात बाळंत व्हायची होती. वहिनींनी ओव्हरटाइमच्या पैशांतून तिकीट काढलं, प्रवासविमाही घेतला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांची जाऊ स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वहिनींनी दवाखान्यातूनच तिकीट रद्द केलं. विमान कंपनीने फक्त कर परत दिले. बाकीचे पैसे विम्यातून आले तरच पुन्हा जाणं शक्य होतं.

दाव्याचं पत्र लिहायला त्यांनी मला बोलावलं. "भावजी, अक्षर तुमचं बरं आहे."

"कोण आजारी पडलं म्हणून लिहू?" मी विचारलं.

जावेचा मुलगा मध्येच बोलला, "काकू, सख्खी बहीण लिहून टाका. पॉलिसीतल्या नातेवाइकांच्या यादीत बहीण आहे, जाऊ नाही."

"आणि पुरावा मागितला तर? तुझ्या आईला माझ्या बापाच्या घरी नेऊन जन्माला घालू का?"

मी 'जाऊ' लिहिलं. परत मिळालेले करही त्यांनी रकमेतून वजा करायला लावले.

विमा कार्यालयातल्या बाईंनी पत्र वाचून मान हलवली. "जाऊ बसत नाही हो यात. शिवाय डॉक्टरांच्या दाखल्यात नुसतं 'उपचार चालू' लिहिलंय. आजार कधी झाला, अचानक झाला का, आधीपासून होता का, काहीच नाही."

वहिनी उठल्या नाहीत. "एकाच घरात राहतो आम्ही. माझी मुलगी जावेनेच सांभाळली, म्हणून मी शिवणकामाला जाऊ शकले."

"एकाच घरात?" बाईंनी पॉलिसी पुन्हा काढली आणि बोट फिरवत थांबल्या. "विमेदारासोबत कायम राहणारे नातेवाईक. हे आहे. दोघींच्या नावाचा त्याच पत्त्याचा पुरावा आणा. दाखलाही नीट करून आणा."

वहिनींनी पहिली पाळी संपवली आणि वॉर्डाबाहेर उभ्या राहिल्या. डॉक्टर वैतागले, "दाखला दिला ना?"

"दिलात साहेब. पण त्यात माझी जाऊ कधी पडली तेच नाही."

डॉक्टर हसले. दाखल झाल्याची तारीख, निदान, आजार अचानक आल्याचं आणि पूर्वी तसा त्रास नसल्याचं लिहून सही-शिक्का दिला. दुसऱ्या दिवशी रेशनकार्डासकट सगळं जमा झालं.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा नात रांगायला लागली होती. विम्याच्या पैशांत नवं तिकीट आलं. पण निघण्याआधी वहिनी आणखी तीन महिने जादा पाळ्या करत राहिल्या.

"आता कशाला?" मी विचारलं.

"मी तिकडे असताना हिला उठवायला-बसवायला कोण?"

त्या पगारातून त्यांनी जावेसाठी दिवसभराची नर्स ठेवली, आणि मगच विमानात बसल्या.