पोस्तीच्या रांगेतलं शुभेच्छापत्र

...तर तो निंगप्पा, काल सांगत होतो तोच, चादरीच्या नक्ष्या काढणारा, माझा शेजारी. काल तुम्ही जेवायला उठलात नि गोष्ट अर्ध्यावर राहिली. साल असेल चौऱ्याहत्तर. निंगप्पा कुणाचा नोकर नव्हता. बारीक चौकटीच्या कागदावर तो फुलं-वेली काढायचा, त्यावरून दुसरा माणूस पुठ्ठ्याला भोकं पाडायचा आणि ते पुठ्ठे मागावर चढले की चादरीत ते फूल उमटायचं. एका नक्षीचे एकदा पैसे. काम संपलं की पुढचा निरोप येईपर्यंत घरी.

त्या साली नवरात्र सरलं, तरी त्याला काम देणाऱ्या तीन कारखान्यांपैकी एकाचाही निरोप नाही. सगळ्यात मोठे ईश्वरप्पा शेठ, अक्कलकोट रोडचे. त्यांचा मुलगा म्हणे मुंबईहून तयार नक्ष्या आणणार होता. इकडे त्याच्या बायकोच्या, रुद्राणीवहिनींच्या, भावाने सांगून ठेवलं होतं, दिवाळीनंतरच्या पंचमीपर्यंत काम मिळालं नाही तर गावी या, रेशन दुकानात तराजू धरा. निंगप्पाच्या बोटांना तराजू! त्याला झोप लागेना.

शेवटी त्याने ठरवलं, दिवाळीला तिन्ही मालकांना शुभेच्छापत्रं द्यायची. चौथीपर्यंत शिकलेला मी, पण अक्षर बरं, म्हणून लिहायला मला बसवलं. मी झोकात लिहिलं, ‘गरिबावर कृपादृष्टी असावी.’

निंगप्पाने कागद ओढलाच. “रामहरी, मी नक्षी विकतोय. झोळी पसरत न्हाय.”

“मग लिवा की, आमी लई मोठे सायब हाय!” चुलीपासून वहिनींचा टोला. “न्हायतर शेठजींनीच आमच्या दारी यावं म्हनून लिवा!”

“तसंबी न्हाय गं.” मग तो एकेक शब्द तोलत सांगत गेला आणि मी लिहीत गेलो: ‘दिवाळीच्या शुभेच्छा. आपल्यासाठी मी वेलाची किनार काढली, ती आपल्या मागांवर अजून चालते, याचा आनंद वाटतो. सणानंतर नव्या नक्ष्या काढायला बसणार आहे. आपल्या मनात काही नवं असलं तर निरोप धाडावा, कागद घेऊन येईन.’ खाली सही. ना विनवणी, ना तोरा. आणि दर पत्रात त्या त्या मालकाची नक्षी वेगळी, बरं का!

दोन पत्रं टपालाने गेली. ईश्वरप्पांचं मात्र त्याने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी स्वतः नेलं, सोबत मी. तिथंच घोळ झाला. त्या दिवशी फाटकात पोस्त वाटायची, म्हणजे दिवाळीची बक्षिसी. हमाल, झाडूवाली, पाणक्या, सगळे रांगेत. दिवाणजी बाळासोंनी पत्र न उघडताच हातातल्या पोस्तीच्या चिठ्ठ्यांत खोचलं. आम्ही निघणार, एवढ्यात चिठ्ठ्यांवरून नावं पुकारता पुकारता दिवाणजींची हाक आली.

“निंगप्पा! या, घ्या तुमची पोस्त!” मिठाईचा पुडा आणि वर पैशांचं लाल पाकीट.

निंगप्पाने हात पुढे केला नाही. मलाही कळलं की हे वाईट झालं. घ्यावं, तर उद्यापासून तो फाटकावरच्या माणसांत मोजला जाणार. नक्षीचा भाव मग कुठला, देतील ते घ्यायचं. आणि परत करावं, तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लक्ष्मी नाकारली! कोणता मालक तसल्या माणसाला पुन्हा दारात उभा करेल?

“घे की रं,” मागून एक हमाल ओरडला, “आमची वाट अडवलीस!”

लोक हसले. दिवाणजींचा हात तसाच पुढे. तेवढ्यात आतून ईश्वरप्पा शेठच बाहेर आले, पूजेचं धोतर नेसलेले. हसू विरलं.

“काय निंगप्पा, कमी पडलं का रे?”

“तसं न्हाय, मालक. मी पोस्त मागाया आलो न्हवतो. पत्र द्यायला आलो होतो.”

शेठनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी गडबडीने चिठ्ठ्यांतून पत्र काढून दिलं. शेठनी ते वाचलं. परत एकदा वाचलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

“वेलाची किनार,” ते पुटपुटले. मग एकदम डोळे रोखून म्हणाले, “पोरगा मुंबईच्या नक्ष्या आणायचं म्हनतोय. आन् हे पाकीट तर आता तुझ्या नावानं बाहेर आलंय. आजच्या दिवशी ते मी आत नेणार न्हाय. बोल, काय करतोस?”

निंगप्पाने चपला काढल्या. दोन्ही हातांनी पुडा आणि पाकीट घेतलं, पाकीट कपाळाला लावलं आणि सावकाश म्हणाला,

“मालक, सणाची लक्ष्मी मी परत करनार न्हाय. मिठाई घरच्यांसाटी घेतो, आन् पाकीट नव्या नक्षीचा इसार म्हनून. मुंबईची नक्षी बी मागवा, माझी बी चढवा, गिऱ्हाईक कुठली उचलतंय ते बगू. फुलाची पायजे का येलाची, तेवढं सांगा. पंचमीला कागद घिऊन येतो.”