शोकेसमधली पत्रकं

बाबांनी चळवळीत वाटलेली पत्रकं माळ्यावर टाकायला मी कडाडून विरोध केला होता. ती हॉलमध्येच, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर हवीत, हा माझा हट्ट. म्हणून कात्रप भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांचे गठ्ठे टीव्हीखालच्या शोकेसमध्ये बसले, बहिणीच्या गेमिंग कन्सोलला दोन्ही बाजूंनी चिकटून. धूळ नको म्हणून काचही कायम बंद.

एका रविवारी दुपारी खेळ रंगात असताना पडद्यावर कन्सोल फार तापल्याची सूचना आली आणि तो बंद पडला. मी काच सरकवली, तर गरम हवेचा झोत तोंडावर आला. कन्सोलची गरम हवा बाहेर सोडणारी मागची जाळी प्लायवूडला टेकलेली, मधल्या फटीत वायरींचा गुंता कोंबलेला. शेजारचा गठ्ठा हाताला चटका देईल इतका तापला होता. त्या पत्रकांच्या प्रती दुसरीकडे कुठेच उरल्या नव्हत्या.

"प्लग काढ! या पत्रकांचं मोल कळतं का तुला?" मी ओरडलो.

"काढला. भाषण नंतर दे, दादा, आधी गठ्ठे उचल," बहीण म्हणाली.

बाबा दारात उभे होते. "यातलं एक तरी वाचलंस का रे कधी?"

मी गठ्ठा उचलला; वरच्या पत्रकाचा मथळाही मी पहिल्यांदाच वाचत होतो.

आता कन्सोल उघड्या फळीवर असतो, सगळीकडून वीतभर मोकळा. वायरी पट्ट्यांनी बांधून कडेने खाली सोडल्यात. पत्रकं बेडरूमच्या कपाटात आहेत. तरी बहीण खेळायला बसली की मी एखादं पत्रक घेऊन तिच्याजवळच वाचत बसतो आणि मधूनमधून जाळीमागे हात धरून बघतो.