खबर ना

मला खोटं बोलायची खोड नव्हती. फक्त 'माहीत नाही' म्हणता येत नसे, आणि दोन्हीचा परिणाम एकच होतो हे कळायला बी.एस्सी. पूर्ण व्हावी लागली.

दोष सगळा माझा नाही. आमच्या कोरगावात कुणी वाट विचारली आणि तुम्ही 'खबर ना', म्हणजे माहीत नाही, म्हटलंत, तर पाहुण्याला पाणीही न विचारता परत पाठवल्यासारखं होतं. त्यामुळे ज्याला केरीची वाट ठाऊक नाही तोसुद्धा हात लांब करून कुठेतरी बोट दाखवतोच. मी त्याच गावची. वनस्पतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेतही मी तेच करत आले, आणि माझं बोट नेमकं बरोबर जागी पडत गेलं. तेवढ्यावर माझा तोरा होता.

मग पुण्याच्या एका महाविद्यालयातून एम.एस्सी.च्या मुलाखतीचं पत्र आलं. बाबांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि एकच अट घातली. जागा मिळाली तर पुणे. नाही मिळाली तर वास्कोला जहाजांच्या कामाच्या एका ऑफिसात टंकलेखनाची नोकरी ठरलेली आहे, तिथे मुकाट्याने रुजू व्हायचं. त्या नोकरीचं पत्रही बाबांच्या कपाटात होतं. मला दिवसभर खटखट करत बसायचं नव्हतं. मला आमच्या टेकडीवरचे काजू का मरतात ते शोधायचं होतं.

डिचोलीला राहणाऱ्या आमच्या कॉलेजच्या बाई पुण्यात शिकलेल्या, मुलाखती घ्यायला टेबलापलीकडेही बसलेल्या. त्यांनी मला घरी बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि सरळ सुरुवात केली.

"हाच विषय का?"

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. निसर्गाची ओढ, देशाची सेवा, असं बरंच काही.

"हे तुझ्या आधीच्या मुलीनेही सांगितलं असणार. तुझं सांग."

मला राग आला. रागाच्या भरात खरं सांगून टाकलं. आमचं सगळ्यात जुनं काजूचं झाड पिवळं पडत वाळलं तेव्हा अख्खा वाडा दिष्ट लागली म्हणत होता. मी बुंध्याशी बसून पाहिलं तर डीक गळत होता आणि खाली लाकडाचा भुसा पडला होता. आत अळी पोखरत होती. "दिष्ट भुसा टाकत नाही बाई," मी म्हटलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, हेच, एवढंच बोलायचं.

मग विषयाचे प्रश्न झाले. मी सुसाट सुटले होते. शेवटी बाईंनी काजूवरच्या निळ्या तांबेऱ्याबद्दल विचारलं. मी डाग कसे दिसतात ते सांगितलं, दमट हवेत रोग कसा पसरतो ते सांगितलं, फवारणीही सांगितली. बाई शांतपणे ऐकत होत्या.

"असा रोग नाहीच," त्या म्हणाल्या. "मी आत्ता बनवला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर त्यांनी माझे कच्चे दुवे विचारले, तर मी म्हटलं, मी कामात फार झोकून देते. बाई हसल्या. स्वतःची स्तुती कच्चा दुवा म्हणून खपवू नकोस, म्हणाल्या. तुझा खरा कच्चा दुवा तू पाच मिनिटं भाषण करून आत्ताच दाखवलास. तो सांग, आणि त्यावर काय करतेस तेही सांग. नुसता दोष कबूल करून भागत नाही.

त्यावर करायचं काय, हे आईने ठरवलं. काजूचा हंगाम संपत आला होता. आई काजूच्या लालपिवळ्या, रसाळ बोंडूंच्या राशीपाशी बसून बिया मुरगळून काढायची आणि मी समोर बसून उत्तरं म्हणायची. तिचा नियम एकच: तिला कळलं नाही तर उत्तर चुकीचं.

मी सांगितलं की जिला आपण बी म्हणतो तेच काजूचं खरं फळ, आणि खाण्याचा गर म्हणजे त्याच्या आतली बी.

"मगे बोंडू काय गो?"

"फुगलेला देठ."

आईचा हात थांबला. "म्हंजे आमी देठाचो उराक काडतंव? आनी अख्खो गाव देठ पिऊन नाचता?"

त्या दिवशी आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. पण ते उत्तर मला जन्मभरासाठी पाठ झालं. मधूनच ती मुद्दाम मला न येणारं काहीतरी विचारायची, पोर्तुगालात काजू पिकतो काय, असलं. मी तोंड उघडलं की बी उगारायची. मग मी म्हणायची, "खबर ना." दिवसातून दहा वेळा. पहिल्यांदा जीभ अडकायची, मग सरावली.

पुण्यात टेबलापलीकडे तिघं होते. हाच विषय का, विचारल्यावर मी भुसा सांगितला. एका सरांनी काजूच्या फळाबद्दल विचारलं, तेव्हा देठाच्या उराकासकट सांगितलं आणि तिघंही हसले. कच्चा दुवा विचारला, तेव्हा निळा तांबेरा सांगितला, आणि आईबरोबरचा रोजचा सरावही. मला वाटलं, आता जिंकलं.

तेवढ्यात मधल्या वयस्कर बाई म्हणाल्या, "ती पोखरणारी कीड अंडी घालायला नेमकं ठरावीक झाडच कसं निवडते?"

आणि माझ्या डोक्यात उत्तर तयार झालं. छान, गोल, पटण्याजोगं उत्तर. जिभेवर आलं होतं. वास्कोचं टंकलेखन यंत्र डोळ्यांपुढे आलं, आणि त्याच क्षणी आईने उगारलेली बीसुद्धा.

"खबर ना," मी म्हटलं.

पुण्यात. तिथल्या मोठ्या खोलीत. माझे कान तापले.

"म्हणजे?"

"माहीत नाही, बाई. पाहिलंय तेवढं सांगते. जुनी झाडं, ज्यांना कोयता लागलाय, डीक गळतोय, तीच आधी पोखरली जातात. वासाने येत असेल, असं वाटतं. पण मी ते तपासलेलं नाही. तपासायचंय म्हणून आले."

त्या बाईंनी सरांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आम्हालाही पुरतं माहीत नाही. म्हणूनच विचारलं."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. जागा मिळाली होती. बाबांनी ते दोनदा वाचलं, कपाटातून वास्कोचं पत्र काढलं आणि नकार कळवायला स्वतः पेन घेऊन बसले. मी अंगणात जाऊन आईला सांगितलं, तर तिने मला मिठीच मारली, बोंडूच्या रसाने चिकट झालेल्या हातांनी. आनंद म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी शेजारची काकी आली. चेडू पुण्याक जाऊन काय शिकतला, तिने आईला विचारलं. आमच्या घरात पाहुण्याला कधी मिळालं नव्हतं ते उत्तर आईने मान ताठ करून दिलं.

"खबर ना गो," ती म्हणाली. "शिकून इला काय माका सांगतला. माका कळला तरच ता बरोबर."